चलनवाढीच्या एमसीक्यूची आन्सर की चुकल्यासारखी वाटतेय, सरांना पत्र कसं लिहू?

प्रश्न: आमच्या टेस्टमध्ये प्रश्न 14 असा होता: "चलनवाढ अपेक्षेपेक्षा जास्त झाल्यास पुढीलपैकी कोणाचा फायदा होतो? (अ) ठराविक व्याजदराने कर्ज दिलेल्याचा (ब) ठराविक व्याजदराने कर्ज घेतलेल्याचा (क) रोख रक्कम साठवून ठेवलेल्याचा (ड) ठराविक रकमेचं पेन्शन घेणाऱ्याचा." मी ब लिहिलं, कीमध्ये अ आहे. मैत्रीण म्हणते महागाई वाढली की व्याजदर वाढतात, म्हणजे कर्ज देणाऱ्याचाच फायदा, त्यामुळे मीच कन्फ्यूज झालेय. मी पत्र असं लिहिलंय: "सर, प्रश्न 14 ची आन्सर की चुकली आहे, कृपया दुरुस्त करून मला 1 मार्क द्यावा." उद्धट वाटेल का? कसं लिहू?

उत्तर: तुझं ब बरोबर आहे, पत्र नक्की दे, फक्त या शब्दांत नको. मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवते आणि पेपरही काढते, त्यामुळे असं पत्र हातात आल्यावर शिक्षक आधी काय बघतात ते मला चांगलं माहीत आहे. तुझ्या वाक्यात उद्धटपणापेक्षा मोठी अडचण ही आहे की त्यात तपासण्यासारखं काहीच नाही. "की चुकली आहे" हा निकाल झाला, त्यामागचं कारण कुठे आहे? सरांना ते पटायचं तर पहिल्यापासून सगळा विचार त्यांनीच करायचा, आणि हातात पेपरांचा गठ्ठा असताना कोणीही पटकन "की बरोबर आहे" म्हणून मोकळं होतं. म्हणून आधी हिशोब पक्का कर, मग पत्र आपोआप नम्र होतं, कारण त्यात तू आपलं म्हणणं फक्त मांडतेस, ठरवायचं काम सरांवर सोडतेस.

समजा एकाने दुसऱ्याला 1000 एक वर्षासाठी 6 टक्के ठराविक व्याजाने दिले. वर्षाने परत येणार 1060, हा आकडा करार झाला त्या दिवशीच पक्का झाला, आता वर्षभरात काहीही होवो, 1060 म्हणजे 1060. करार करताना दोघांनाही वाटत होतं की किंमती साधारण 2 टक्क्यांनी वाढतील. तसंच झालं असतं तर त्या 1060 ची आजच्या किंमतींत खरेदीशक्ती किती? 1060 भागिले 1.02, म्हणजे साधारण 1039. देणाऱ्याने मनात हाच हिशोब धरून 6 टक्क्यांना होकार दिला होता, म्हणजे खरा परतावा जवळपास 4 टक्के.

आता किंमती 2 ऐवजी 9 टक्क्यांनी वाढल्या. परत आले 1060 च, पण 1060 भागिले 1.09 केलं की येतात साधारण 972 आणि वर थोडं. म्हणजे देणाऱ्याने 1000 ची खरेदीशक्ती हातावेगळी केली आणि वर्षाने त्याला 973 च्या आतच मिळाली, व्याज धरूनसुद्धा. मुद्दल शाबूत दिसतंय, वर 60 व्याजही दिसतंय, पण त्या पैशात येणाऱ्या वस्तू आधीपेक्षा कमी झाल्या. जेवढं देणाऱ्याच्या हातून गेलं तेवढं घेणाऱ्याला सुटलं, कारण त्याने वापरताना 1000 ची खरेदीशक्ती वापरली आणि फेडताना त्याहून कमी फेडली. 1039 आणि 972 मधला जो 67 च्या आसपासचा फरक आहे तो एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला, करारातला एक शब्दही न बदलता.

हे नातं आयर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने शिकवलं जातं, तुमच्या पुस्तकात बहुधा "वास्तव व्याजदर म्हणजे नॉमिनल व्याजदर वजा चलनवाढीचा दर" अशा रूपात असेल. वजाबाकीने अपेक्षित दर 6 वजा 2 म्हणजे 4 येतो आणि प्रत्यक्षातला 6 वजा 9 म्हणजे उणे 3. भागाकाराने तेच 3.9 आणि उणे 2.75 च्या जवळ येतात. एका मार्काच्या प्रश्नाला वजाबाकी पुरते, पण पत्रात भागाकाराचा आकडा दिलास तर नुसतं सूत्र पाठ केलेलं नाही हे दिसतं. दोन्ही मात्र नको, नाहीतर वाचणारा "हा आकडा वेगळा का" यातच अडकेल.

इथे एक बारीक गोष्ट आहे ज्यावर मुलं हमखास अडखळतात, आणि सरांनी उलट प्रश्न केला तर बहुतेक इथेच करतील. चलनवाढ 9 ऐवजी 5 टक्के झाली असती तर? 1060 भागिले 1.05 म्हणजे साधारण 1009. आता देणाऱ्याला 1000 पेक्षा जास्तच मिळालं, मग त्याचं नुकसान कसलं? नुकसान आहे, कारण त्याला 1039 मिळणार होते आणि मिळाले 1009. प्रश्नात "अपेक्षेपेक्षा जास्त" असं म्हटलंय, तेव्हा तुलना अपेक्षेशीच करायची, शून्याशी नाही. व्याज मिळतंय म्हणजे फायदा झाला, असं म्हणणाऱ्याचा विचार याच ठिकाणी घसरतो.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं आता बघू, कारण ते पूर्ण चुकीचं नाही, फक्त या प्रश्नाला लागू होत नाही. महागाई वाढली की व्याजदर वाढतात हे बऱ्याचदा खरं असतं, पण वाढतात ते नव्या कर्जांचे किंवा फ्लोटिंग रेटवाल्या कर्जांचे. फ्लोटिंग असेल तर दर वर सरकतो आणि देणाऱ्याचं नुकसान पूर्ण नाही तरी बरंचसं भरून निघतं, घेणाऱ्याचा हप्ता वाढतो, म्हणून तिला जे दिसतंय ते दिसतंय. पण ऑप्शनमध्ये "ठराविक व्याजदराने" हे शब्द आहेत, आणि "कर्ज दिलेल्याचा", "कर्ज घेतलेल्याचा" असं आहे, म्हणजे व्यवहार आधीच होऊन गेलाय. उद्या बाजारातला दर 13 झाला तरी कालच्या 6 टक्क्यांच्या कर्जावर 6 च मिळणार. उलट त्यामुळे जुन्या दराने पैसे अडकलेला माणूस जास्तच हळहळतो.

दुसरी अशीच जागा म्हणजे "अपेक्षेपेक्षा" हा शब्द. तो नसता, नुसतं "चलनवाढीमुळे कोणाचा फायदा होतो" असं असतं, तर तुझी बाजू एवढी भक्कम राहिली नसती. कारण 9 टक्के महागाई येणार हे दोघांना आधीच माहीत असतं तर देणाऱ्याने 6 वर होकार दिलाच नसता, 13 च्या आसपास मागितलं असतं, आणि 1130 भागिले 1.09 केलं तर येतात साधारण 1037, म्हणजे जवळपास पहिल्याएवढंच. मग कोणाचाच विशेष फायदा नाही, कोणाचं नुकसान नाही. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी छापील प्रश्नपत्रिका समोर घे आणि प्रश्न अक्षरशः जसा आहे तसा उतरवून काढ. आठवणीतून लिहू नकोस. "अपेक्षेपेक्षा" तिथे खरंच आहे ना, "जास्त"च आहे ना, "कमी" तर नाही ना, "फायदा" विचारलाय की "तोटा", हे बोट ठेवून बघ. माझ्याकडे आलेल्या हरकतींपैकी कितीतरी अशा असतात की मुलाने घाईत "तोटा"चं "फायदा" वाचलेलं असतं, आणि पेपर पुन्हा उघडला की हरकत तिथेच संपते.

आता तुझ्या प्रश्नातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते, जी तुझ्या पत्रात यायलाच हवी. चारही ऑप्शन एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ. अ मधल्या माणसाला पुढे ठराविक रक्कम मिळणार आहे. ड मधल्या पेन्शनवाल्यालाही दर महिन्याला ठराविक रक्कम मिळणार आहे. क मधल्या माणसाकडे ठराविक रक्कम पडून आहे, 1000 रोख ठेवले आणि 9 टक्के महागाई झाली तर वर्षाने त्यांची खरेदीशक्ती साधारण 917. म्हणजे अ, क आणि ड हे तिघं एकाच होडीत बसलेत, तिघांच्याही हातात येणारा पैशाचा आकडा ठरलेला आहे आणि पैशाची किंमत अपेक्षेपेक्षा जास्त घसरतेय. एकटा ब उलट बाजूला आहे, त्याला ठरलेला आकडा द्यायचाय. तेव्हा अ बरोबर मानायचं असेल तर ड का चूक हे सांगता येत नाही, ज्या कारणाने अ चा फायदा म्हणाल त्याच कारणाने ड चा म्हणावा लागेल, आणि एकच उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नाला दोन उत्तरं होतील. पेपर काढणाऱ्या माणसाला हा मुद्दा लगेच लागतो, कारण ऑप्शन लिहिताना चुकीचे तीन एकाच जातीचे आणि बरोबर एक वेगळा, अशी रचना आपण स्वतःच करत असतो. तीन ऑप्शन एका बाजूचे दिसताहेत म्हणजे काढणाऱ्याच्या मनात ब हेच उत्तर होतं असं मानायला चांगलाच आधार आहे.

मग कीमध्ये अ कसं आलं? हे जाणून घेतलंस तर पत्राचा सूर आपोआप बदलेल, कारण बहुतेक वेळा सरांना विषय येत नाही असं काही नसतं. एक नेहमीचं कारण म्हणजे पेपरचे दोन-तीन सेट असतात, ऑप्शनचा क्रम बदललेला असतो, आणि एका सेटची की दुसऱ्या सेटला लागते. दुसऱ्या सेटवाल्या कोणाचा तरी पेपर बघ, तिथे "कर्ज घेतलेल्याचा" हा ऑप्शन अ वर असेल तर कोडं सुटलंच, आणि तसं असेल तर आजूबाजूचे प्रश्नही तपास, कारण की सरकली असेल तर एकाच प्रश्नात सरकत नाही. दुसरं कारण म्हणजे प्रश्न जुन्या क्वेश्चन बँकेतून घेतलेला असतो, मूळ प्रश्नात "अपेक्षेपेक्षा कमी" असतं, या वर्षी तोच रिपीट नको म्हणून "कमी"चं "जास्त" केलं जातं आणि कीमधलं अक्षर बदलायचं राहतं. हे पडताळायची सोपी युक्ती अशी: कोणत्या प्रश्नाला अ हे उत्तर बरोबर ठरलं असतं ते शोध. इथे चलनवाढ 2 ऐवजी 0 टक्के झाली असती तर देणाऱ्याला 1060 ची खरेदीशक्ती पूर्ण मिळाली असती, 1039 च्या ऐवजी 1060, म्हणजे फायदा त्याचा. "कमी" असतं तर अ अगदी बरोबर. हे एक वाक्य पत्रात असलं की सरांना चूक कुठून आली असेल तेही दिसतं, आणि ती विषयाची नसून टायपिंगची असू शकते हा सन्मानाचा रस्ताही मिळतो.

पुस्तकाचा आधार दे, पण तुमच्या वर्गात लावलेल्या पुस्तकाचा किंवा सरांनीच दिलेल्या नोट्सचा, धडा आणि पान क्रमांकासकट. कुठल्यातरी वेबसाइटचा स्क्रीनशॉट जोडू नकोस, त्याने वजन वाढत नाही, उलट "मग तिथे दुसरंही लिहिलेलं मिळेल" असं म्हणायला जागा राहते. इतिहासातलं उदाहरणही पत्रात नको, पण तुझ्या मनात पक्कं बसावं म्हणून सांगते. जर्मनीत 1923 मध्ये महागाई इतकी हाताबाहेर गेली की नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. ज्यांनी आधी ठराविक रकमेची गहाणकर्जं घेतली होती त्यांची कर्जं जवळजवळ फुकटात फिटली, आणि ज्यांनी आयुष्यभराची बचत अशा कर्जात किंवा बाँडमध्ये ठेवली होती ते लोक धुऊन निघाले. हा अन्याय इतका ढळढळीत होता की 1925 मध्ये तिथे कायदा करून अनेक गहाणकर्जांची किंमत मूळच्या 25 टक्क्यांपर्यंत परत वर आणावी लागली. महागाई अनपेक्षित वाढल्यावर देणाऱ्याचा फायदा होत असता तर त्याला भरपाई देणारा कायदा करायची वेळच आली नसती.

आता पत्र. मी असं लिहीन, तू तुझे तपशील घाल आणि भाषा थोडी तुझी कर, सगळं जसंच्या तसं उतरवू नकोस:

विषय: प्रश्न क्र. 14 चे उत्तर पुन्हा पाहण्याबाबत विनंती

आदरणीय सर,

सादर नमस्कार. मी (नाव, वर्ग, रोल नंबर). चलनवाढीवरच्या चाचणीत मला (सेटचं नाव) हा सेट आला होता. त्यातल्या प्रश्न 14 च्या उत्तराबद्दल मला एक शंका आहे. आपल्याला सवड होईल तेव्हा ती पाहावी, ही विनंती.

प्रश्न असा आहे: "चलनवाढ अपेक्षेपेक्षा जास्त झाल्यास पुढीलपैकी कोणाचा फायदा होतो?" आन्सर कीमध्ये (अ) ठराविक व्याजदराने कर्ज दिलेल्याचा असं उत्तर आहे. मी (ब) ठराविक व्याजदराने कर्ज घेतलेल्याचा असं लिहिलं आहे.

मी असा विचार केला. 1000 चं कर्ज एक वर्षासाठी 6 टक्क्यांनी दिलं आणि चलनवाढ 2 टक्के अपेक्षित होती, तर परत येणाऱ्या 1060 ची खरेदीशक्ती आजच्या किंमतींत सुमारे 1039 होते. चलनवाढ प्रत्यक्षात 9 टक्के झाली तर तीच सुमारे 972 होते. हा फरक कर्ज देणाऱ्याचा तोटा आणि घेणाऱ्याचा फायदा आहे, असं मला वाटलं. आपल्या पुस्तकात (धडा, पान क्रमांक) वास्तव व्याजदराबद्दल जे दिलं आहे त्यावरून मी हा हिशोब केला.

शिवाय (अ) आणि (ड) या दोघांनाही ठराविक रक्कमच मिळणार असल्याने, (अ) चा फायदा होत असेल तर (ड) चाही व्हायला हवा, असं मला वाटतं. प्रश्नात "अपेक्षेपेक्षा कमी" असं असतं तर (अ) हे उत्तर मला समजलं असतं.

माझ्या वाचण्यात किंवा हिशोबात काही सुटलं असेल तर कृपया सांगावं, मी ते समजून घेईन.

आपली विद्यार्थिनी,
(नाव)

बघ, यात "चूक" हा शब्द एकदाही आलेला नाही आणि तरी मुद्दा एक इंचही मागे घेतलेला नाही. मार्काचाही उल्लेख नाही, तो मुद्दाम गाळलाय. उत्तर बदललं तर मार्क सगळ्यांचेच बदलतील, ते मागायची गरज पडत नाही, आणि मागितला की वाचणाऱ्याचं लक्ष हिशोबावरून तुझ्या मार्काकडे जातं. "वर्गातल्या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे" हेही लिहू नकोस, किती जणांना वाटतं त्यावर उत्तर ठरत नाही आणि सरांना ते दबाव आणल्यासारखं वाटतं. "तुमच्यासारख्या विद्वान शिक्षकांकडून" वगैरे स्तुतीही नको, तिने पत्र लांबतं आणि थोडं खोटं वाटतं. शेवटचं वाक्य मात्र काढू नकोस, आणि ते मनापासून लिही, कारण एखादी अट तुझ्या नजरेतून निसटलेली असू शकते आणि तसं असेल तर ते कळणं मार्कापेक्षा उपयोगाचं आहे.

पत्र सरांना एकटं गाठून दे किंवा त्यांनी मेल दिला असेल तर मेल कर, वर्गाच्या ग्रुपवर टाकू नकोस. चारचौघांत विचारलं की माणूस आधी स्वतःला सावरतो, प्रश्न नंतर बघतो. हरकतीसाठी तारीख दिली असेल तर तिच्या आत दे. अजून दोन-तीन प्रश्नांबद्दल शंका असेल तरी ज्याची बाजू सगळ्यात पक्की आहे तो एकच प्रश्न आधी दे, कच्च्या हरकतींच्या गर्दीत पक्की हरकतही कच्ची दिसायला लागते. (हे सगळं शाळा-कॉलेजच्या टेस्टला लागू आहे, मोठ्या स्पर्धा परीक्षेत हरकतीचा ठरलेला फॉर्म आणि नियम असतात, तिथे पत्र चालत नाही, हिशोब आणि आधार मात्र हेच लागतात.)

सरांकडे एक साधन आहे जे तुझ्याकडे नाही, आणि कदाचित ते तेच वापरतील, म्हणून माहीत असू दे. एखाद्या प्रश्नाची की संशयास्पद वाटली की आम्ही एकूण मार्कांप्रमाणे वरच्या आणि खालच्या गटाची उत्तरं वेगळी काढून बघतो. साधारण वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के घेतात, हा आकडा ट्रुमन केली यांनी 1939 मध्ये मांडला आणि अजूनही तोच वापरात आहे. समजा वर्गात 60 जण, म्हणजे वर 16 आणि खाली 16. वरच्या 16 पैकी 13 जणांनी ब आणि 2 जणांनी अ लिहिलंय, खालच्या 16 पैकी 5 जणांनी ब आणि 7 जणांनी अ. की अ धरली तर 2 वजा 7 भागिले 16, म्हणजे उणे 0.31. ज्यांना बाकीचा पेपर चांगला आला तेच नेमके इथे चुकले आणि ज्यांना नाही आला ते बरोबर आले, हे चित्र बघितलं की पहिला संशय कीवरच जातो. की ब धरली तर 13 वजा 5 भागिले 16, म्हणजे 0.5, आणि हा अगदी छान प्रश्न ठरतो. अर्थात या आकड्याने उत्तर सिद्ध होत नाही, हुशार मुलंही एकाच सापळ्यात अडकू शकतात, आणि वर्ग लहान असेल तर दोन-चार मुलांनी चित्र पालटतं. उत्तर हिशोबानेच ठरतं, हा आकडा फक्त "इथे परत बघा" एवढं सांगतो. पत्रात याचा विषय काढू नकोस, पण सर "बघून सांगतो" म्हणाले आणि दोन दिवस गेले तर ते टाळताहेत असं धरून चालू नकोस, बहुधा ते हेच करत असतील.

निकाल तीन प्रकारे लागू शकतो. की बदलून ब केली जाईल, मग ज्यांनी अ लिहिलं त्यांचा मार्क जाईल, आणि त्यातले एक-दोघं तुझ्यावर रुसतील, त्याची तयारी ठेव. किंवा अ आणि ब दोन्ही ग्राह्य धरतील. या प्रश्नात ते मला पटत नाही, कारण अ आणि ब एकमेकांच्या उलट आहेत, पण मार्क लागल्यानंतर कोणाचा कापायचा नाही म्हणून काही शिक्षक असं करतात. किंवा प्रश्नच रद्द करतील, आणि मग सगळ्यांना मार्क मिळेल किंवा एकूण मार्कांतून तो वजा होईल. रद्द केला तर तुझं बरोबर उत्तर वाया गेल्यासारखं वाटेल, तरी तिथे परत हरकत घेऊ नकोस, तो निर्णय पूर्ण वर्गाचा विचार करून घेतलेला असतो.

आणि सर "अ च बरोबर आहे" म्हणाले तर? एकदाच, शांतपणे विचार: "सर, मग 1060 ची खरेदीशक्ती 972 झाल्यावर कर्ज देणाऱ्याचा फायदा कुठून होतो, ते समजावाल का?" म्हणजे बोलणं तुझ्या मार्कावर न जाता हिशोबाच्या नेमक्या ओळीवर येतं. ते व्याजदर वाढण्याचं कारण देतील तर "ठराविक" या शब्दाकडे लक्ष वेध. कर्ज घेणाऱ्याचं उत्पन्न वाढलंच नाही तर त्याचा फायदा कसला, असं म्हणतील तर तो मुद्दा विचार करण्यासारखा आहे हे मान्य कर, कारण महागाईत पगार मागे राहिला तर घेणाऱ्याचेही हाल होतात हे खरंच आहे, पण ते नुकसान पगाराचं आहे, कर्जाचं नाही, आणि त्यामुळे देणाऱ्याचा फायदा काही होत नाही. एवढ्यावरही ते ठाम राहिले तर आभार मान आणि तिथे थांब. पत्राची एक प्रत आणि प्रश्नपत्रिका मात्र जपून ठेव, हरकतीची मुदत शिल्लक असेल आणि तुमच्याकडे विभागप्रमुखांकडे जायची रीत असेल तर हेच पत्र, "सरांशी बोलणं झालं आहे" एवढी एक ओळ जोडून, सरांना तसं सांगूनच पुढे देता येतं.